नवीन फोनवर गेम पहिल्या लेव्हलला आला? खेळू नका, आधी हे वाचा

नवीन फोन आला, सगळे कॉन्टॅक्ट आले, फोटो आले, व्हॉट्सॲप पण आलं, आणि गेम उघडला तर तो "वेलकम" म्हणून ट्युटोरियल दाखवतोय, म्हणजे तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच उघडलाय असं. हे झालं की बहुतेक लोक एकच गोष्ट करतात, ट्युटोरियल पटापट टॅप करून पुढे जातात, की पुढे कुठेतरी लॉगिनचं बटन येईल. तिथेच थांबायचं. फोन बाजूला ठेवा, जुना फोन अजून घरात असेल तर तो कोणालाही देऊ नका, एक्सचेंजवाला मुलगा संध्याकाळी येणार असेल तर त्याला उद्या यायला सांगा. का, ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुमचा प्रोग्रेस नेमका राहतो कुठे? मुख्य तीन जागा आहेत. एक, फोनच्या आत, गेमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. दोन, त्या फोल्डरची कॉपी तुमच्या गूगल किंवा ॲपलच्या बॅकअपमध्ये. तीन, गेम बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या नावाने किंवा तुमच्या आयडीने. ऑफलाइन चालणारे छोटे गेम बहुतेक पहिल्या प्रकारचे. आणि ज्यात क्लॅन आहे, मित्र आहेत, लीडरबोर्ड आहे, नेट बंद केलं की चालतच नाहीत, ते तिसऱ्या प्रकारचे.

आता तिसऱ्या प्रकारात लोकांची जी गफलत होते ती "गेस्ट" म्हणून खेळण्याची. गेम पहिल्यांदा उघडला, त्याने विचारलं लॉगिन करायचंय का, आपण घाईत "Play as Guest" दाबलं आणि सुरू. वर्षानुवर्षं तसंच खेळतो. तेव्हा सर्व्हर तुम्हाला एक लांबलचक रँडम आयडी देतो आणि तो आयडी फक्त तुमच्या त्या फोनमध्ये लिहून ठेवलेला असतो. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवली आणि पावती हरवली, तसं समजा, बॅग आत सुरक्षित आहे पण तुमचीच आहे हे सांगणारा कागद तुमच्याकडे नाही. म्हणून गेस्टचा प्रोग्रेस सर्व्हरवर असूनही नवीन फोनवर दिसत नाही. जुना फोन हीच तुमची पावती. तो रिसेट झाला, किंवा त्यातून गेम अनइन्स्टॉल झाला, की पावती गेली.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक काकू राहतात, त्यांची केस सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळे घोळ एकत्र होते. काकू फोर्टला बँकेत, रोज मुलुंड ते सीएसएमटी लेडीज डब्यात, आणि तेवढ्या वेळात तो तीन-तीन रंग जुळवायचा गेम, अनेक वर्षं. लेव्हल अठराशेच्या पुढे. मुलाने दिवाळीत नवीन फोन घेऊन दिला, सगळं सेटअप पण करून दिलं आणि तो पुण्याला परत गेला. काकू म्हणाल्या, "अरे बाळा, बघ ना, माझं सगळं गेलं, लेव्हल एक दाखवतोय, आणि मी तर लॉगिन केलेलं होतं, माझं नाव वर दिसायचं." लोक असंच सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. फक्त लॉगिन कशाचं होतं तो प्रश्न आहे.

सुदैवाने जुना फोन कपाटात होता, दिलेला नव्हता. तो चार्ज करून वायफायला जोडला आणि गेम उघडला, लेव्हल होती तशी. गेमच्या सेटिंगमध्ये गेलो, तिथे "Save your progress" असं बटन अजूनही दिसत होतं. हे बटन दिसतंय म्हणजे गेम कंपनीच्या अकाउंटला तुम्ही जोडलेलेच नाही, तुम्ही गेस्ट आहात. जोडलेलं असतं तर तिथे ईमेल दिसला असता आणि "Log out" असं आलं असतं. मग काकूंना वर जे नाव दिसायचं ते काय? ते गूगल प्ले गेम्सचं प्रोफाइल होतं. आणि त्यावर टॅप केल्यावर कळलं की ते नाव काकूंचं नव्हतंच, मुलाच्या जीमेलचं होतं, कारण जुना फोन सुद्धा त्यानेच सेट केला होता आणि तेव्हा स्वतःचं अकाउंट आधी टाकलं, काकूंचं नंतर. नवीन फोनमध्ये मात्र शहाणपणाने फक्त काकूंचं अकाउंट टाकलेलं. त्यामुळे नवीन फोनवर प्ले गेम्सने काकूंच्या अकाउंटने आपोआप साइन इन केलं, त्या अकाउंटवर या गेमचं काहीच नव्हतं, म्हणून लेव्हल एक.

इथे दोन वेगळ्या गोष्टी लोक एक समजतात. प्ले गेम्सला साइन इन झालात म्हणजे तुमची अचीव्हमेंट्स आणि लीडरबोर्ड जोडले गेले. प्रोग्रेस सेव्ह होतोच असं नाही. गूगल गेम बनवणाऱ्याला "सेव्ह्ड गेम्स" नावाची सोय देतं, त्यात एका सेव्हला ३ एमबीपर्यंत डेटा ठेवता येतो, पण ती वापरायची की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. आयफोनवर गेम सेंटरचं पण तेच, गेम सेंटरमध्ये नाव दिसणं ही प्रोग्रेस सेव्ह असल्याची खात्री नाही. म्हणून हिरवा गेमपॅड चमकला, "Welcome back" आलं, तरी निर्धास्त होऊ नका, गेमच्या आतल्या सेटिंगमध्ये काय लिहिलंय ते बघा.

मग आम्ही काय केलं. मुलाचं अकाउंट नवीन फोनमध्ये टाकून बघण्याचा पर्याय होता, पण मग काकूंचा गेम कायम मुलाच्या जीमेलवर लटकत राहिला असता, आणि त्याने कधी पासवर्ड बदलला की परत हाच खेळ. त्यापेक्षा जुन्या फोनवर, जिथे लेव्हल जिवंत होती तिथे, "Save your progress" दाबलं, काकूंचा स्वतःचा ईमेल टाकला, मेलवर आलेला कोड टाकला. आता सर्व्हरवरचा तो गेस्ट आयडी काकूंच्या ईमेलला जोडला गेला. हे नेहमी जुन्या फोनवरून करायचं, नवीन फोनवरून नाही, कारण जोडणी होते ती समोर उघड्या असलेल्या प्रोग्रेसची. नवीन फोनवर लेव्हल एक उघडी असताना ईमेल जोडला तर लेव्हल एकच त्या ईमेलला चिकटते, आणि बऱ्याच गेममध्ये एका ईमेलला एकदा जोडलं की ते सपोर्टशिवाय सुटत नाही.

जोडल्यावर लगेच फोन बंद केला नाही. जुन्या फोनवरच एक लेव्हल खेळायला लावली, म्हणजे गेम सर्व्हरशी बोलला आणि ताजा आकडा वर गेला. मग गेम पूर्ण बंद करून परत उघडला आणि सेटिंगमध्ये काकूंचा ईमेल दिसतोय ना ते बघितलं.

नंतर नवीन फोन. तिथे फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात तो गेम, त्यात स्टोरेज, आणि "Clear storage". हे फक्त नवीन फोनवर, आणि फक्त तिथलं काही जपायचं नाही याची खात्री असेल तरच, कारण हे बटन त्या फोनवरचा गेम साफ कोरा करतं. जुन्या फोनवर चुकून दाबलं आणि तुम्ही गेस्ट असाल तर संपलं. काकूंच्या नवीन फोनवर ट्युटोरियल आणि दोन-चार लेव्हलच होत्या, त्यामुळे काही अडचण नाही. मग गेम उघडला, ट्युटोरियल सुरू व्हायच्या आत लॉगिनचं बटन शोधलं, ईमेल टाकला, कोड टाकला.

आणि आता तो प्रश्न येतो ज्यावर सगळं अडकलेलं असतं. गेम विचारतो, दोन प्रोग्रेस सापडलेत, कुठला ठेवायचा? एका बाजूला या फोनवरचा, दुसऱ्या बाजूला क्लाउडवरचा. काही गेम लेव्हलचा आकडा दाखवतात, मग सोपं आहे, मोठा आकडा निवडायचा. काही गेम फक्त "This device" आणि "Cloud" एवढंच लिहितात, आकडा नाही, तारीख नाही. अशा वेळी स्वतःला विचारा, माझा खरा प्रोग्रेस आत्ता मी हातात धरलेल्या फोनवर आहे का? नवीन फोन हातात असेल तर उत्तर नाही, म्हणजे क्लाउड. आणि कळलं नाही तर कॅन्सल करा, मागे जा, गेम बंद करा. हा प्रश्न परत येतो, घाई नाही. पण चुकीचं दाबलं तर लेव्हल एक वर जाऊन अठराशेच्या डोक्यावर बसते, आणि ते परत काढणं तुमच्या हातात राहत नाही. ट्युटोरियल खेळू नका असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठीच. नवीन फोनवर तुम्ही जितकं खेळाल तितका तो रिकामा प्रोग्रेस गेमला खरा वाटायला लागतो, काही गेममध्ये तर विचारतच नाहीत, जो शेवटचा आला तो ठेवतात.

काकूंची लेव्हल आली. सोन्याची नाणी पण आली. लाइफ आणि काही बूस्टर नाही आले. त्या गेममध्ये ते फोनवरच ठेवलेले असतात, सर्व्हरवर नाही, त्यामुळे ते आणायचा मार्गच नव्हता. हे आधी माहीत असेल तर जुन्या फोनवर बूस्टर वापरून टाकता येतात. एक मात्र झालं, काकू दोन दिवस दोन्ही फोनवर खेळत होत्या, जुना घरी आणि नवा ट्रेनमध्ये, ते मी बंद करायला लावलं, कारण ट्रेनमध्ये नेट गेल्यावर ऑफलाइन खेळलेलं आणि घरी ऑनलाइन खेळलेलं आपसात भिडतं आणि एकाचं पुसलं जातं.

आता समजा जुना फोन गेलाय. एक्सचेंजमध्ये दिला, पाण्यात पडला, गर्दीत चोरीला गेला. आणि गेम ऑफलाइनवाला, लॉगिन नाहीच. तर मग बॅकअप हा एकच रस्ता, आणि अँड्रॉइडवर तो कसा चालतो हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून जरा सविस्तर.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ॲपचा डेटा आपोआप गूगलच्या बॅकअपमध्ये जातो, पण एका ॲपला २५ एमबी इतकीच जागा. गेमचा सेव्ह त्यापेक्षा मोठा असेल तर जात नाही. आणि गेम बनवणाऱ्याने बॅकअप बंद ठेवला असेल, जे ते एका ओळीत करू शकतात, तरी जात नाही, आणि त्याची सूचना तुम्हाला कुठेच येत नाही. शिवाय हा बॅकअप केव्हा होतो, तर फोन चार्जिंगला लावलेला, वापरात नसलेला, वायफायवर असलेला, आणि मागच्या बॅकअपला २४ तास होऊन गेलेले. म्हणजे साधारण रात्री. आता आपल्याकडे कितीतरी घरात वायफाय नाहीच, सगळं मोबाइल डेटावर चालतं, त्या फोनचा बॅकअप महिनोन्‌महिने झालेला नसतो आणि माणूस समजतो की गूगलवर सगळं आहे. नवीन अँड्रॉइडमध्ये मोबाइल डेटावर बॅकअप घ्यायचा पर्याय असतो, पण तो आपण जाऊन चालू करावा लागतो.

आहे की नाही हे बघायचं तर गूगल ड्राइव्हचं ॲप उघडा, डावीकडच्या मेनूत "Backups", तिथे जुन्या फोनचं नाव आणि शेवटची तारीख दिसेल. आतली फाइल उघडून एकच गेम काढता येत नाही. तारीख मात्र महत्त्वाची. फोन ५७ दिवस वापरात नसेल तर गूगल त्याचा बॅकअप काढून टाकू शकतं, त्यामुळे "बघू दिवाळीनंतर" करू नका.

बॅकअप आहे, मग तो गेममध्ये उतरतो केव्हा? फक्त गेम इन्स्टॉल होताना, पहिल्यांदा उघडायच्या आधी. गेम एकदा उघडला की ती संधी गेली, नंतर कुठलंही "रिस्टोअर" बटन नाही. म्हणून लोक सुचवतात की अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करा. हे कधी चालतं आणि कधी नाही त्याचं कारण असं. नवीन फोन सेट करताना तुम्ही जुन्या फोनचा बॅकअप निवडला असेल, तर फोनच्या लक्षात असतं की मूळ बॅकअप कुठला, आणि गेम परत इन्स्टॉल केला की तो त्यातून डेटा घेतो. पण मध्ये एखादी रात्र गेली आणि नवीन फोनने स्वतःचा बॅकअप घेतला, त्यात तुमची लेव्हल एक गेली, तर पुढच्या वेळी फोन स्वतःचाच, म्हणजे लेव्हल एकवाला बॅकअप उचलतो. म्हणून हा प्रयोग करायचा तर त्याच दिवशी करायचा. उशीर झाला असेल, किंवा सेटअपच्या वेळी तुम्ही "Don't copy" करून फोन कोरा सुरू केला असेल, तर नवीन फोन फॅक्टरी रिसेट करून सेटअपमध्ये जुन्या फोनचा बॅकअप निवडणं हाच मार्ग. त्याआधी नवीन फोनवरचे फोटो, व्हॉट्सॲप वगैरे सांभाळा. एका गेमसाठी एवढं करायचं का हे ज्याचं त्याने ठरवावं, पण मी म्हणेन आधी ड्राइव्हमधली तारीख बघा, ती जुनीपुराणी असेल तर रिसेटच्या भानगडीत पडू नका.

फोन कंपन्यांची जी कॉपी करणारी ॲप्स असतात, स्मार्ट स्विचसारखी, त्यांनी गेमचं आयकॉन येतं, गेम येतो, आतला सेव्ह येईलच असं नाही. ते पण बऱ्याचदा गेम बनवणाऱ्याच्या परवानगीवर अवलंबून असतं.

आयफोनवाल्यांचं वेगळं. तिथे आयक्लाउड बॅकअपमध्ये गेमचे सेव्ह सहसा जातात, पण फुकट जागा ५ जीबीच, ती फोटोंनीच भरलेली असते आणि बॅकअप कित्येक दिवस अडकलेला असतो. आणि तो बॅकअप परत घ्यायचा तर फोन पुसून पहिल्यापासून सेटअप करावा लागतो, मधेच एखादा गेम नाही घेता येत.

आणि अँड्रॉइडवरून आयफोनवर जात असाल, किंवा उलट, तर वरचं बॅकअपचं सगळं विसरा, ते बॅकअप एकमेकांना कळत नाहीत. शिवाय प्ले गेम्स आयफोनवर नाही आणि गेम सेंटर अँड्रॉइडवर नाही. गेम फक्त प्ले गेम्सला जोडलेला असेल तर आयफोनवर तुमच्याकडे पावतीच नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन हातात असतानाच गेम कंपनीचं स्वतःचं अकाउंट जोडायचं. क्लॅश ऑफ क्लॅन्सला सुपरसेल आयडी, कँडी क्रशला किंगचं अकाउंट, बाकी गेममध्ये फेसबुक किंवा ईमेल, जे असेल ते. विकत घेतलेल्या नाण्यांचं पण लक्षात ठेवा, ती एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गूगल किंवा ॲपल हलवत नाहीत, गेमने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली असतील तरच येतात. गेमच्या सेटिंगमधलं "Restore purchases" हे जाहिरात काढणं वगैरे कायमच्या खरेदीसाठी असतं, खर्च होणाऱ्या नाण्यांसाठी नाही.

यातलं काहीच लागू पडलं नाही, जुना फोन नाही, लॉगिन नाही, बॅकअप नाही, पण गेम सर्व्हरवाला आहे, तर गेमच्या आत सेटिंगमध्ये हेल्प किंवा सपोर्ट असतं, तिथून लिहा, नवीन फोनवरूनच. तिथे ते विचारतात, खरा मालक तुम्हीच कशावरून? त्यासाठी जुना प्लेअर आयडी सगळ्यात कामाचा, जुन्या स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात तो असू शकतो, क्लॅन असेल तर क्लॅनमधल्या कोणालाही तुमच्या प्रोफाइलवर टॅप करून तो बघता येतो, क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये तो # ने सुरू होतो. कधी पैसे भरले असतील तर जीमेलमध्ये `GPA.` असं शोधा, गूगल प्लेच्या पावत्यांचा ऑर्डर नंबर त्याने सुरू होतो, आणि पुरावा म्हणून तो खूप उपयोगी पडतो. शेवटची लेव्हल अंदाजे कितवी, जुन्या फोनचं मॉडेल, साधारण कधीपासून खेळताय, शेवटचं कधी खेळलात, हे सगळं पहिल्याच मेसेजमध्ये लिहा, तुकड्या-तुकड्यात नको, नाहीतर प्रत्येक उत्तरात दिवस जातात. पासवर्ड आणि ओटीपी यात कुठेच लागत नाही, टेलिग्रामवर किंवा कमेंटमध्ये कोणी "अकाउंट परत आणून देतो, कोड पाठवा" म्हणत असेल तर त्याला ब्लॉक करा. आणि गेम पूर्ण ऑफलाइन असेल तर सपोर्टला लिहून उपयोग नाही, त्यांच्याकडे तुमची कॉपी कधी नव्हतीच.